चार एकरांचा पीक आराखडा: प्रकल्प नोंदी, मे 2024 ते मे 2025

5 मे 2024

यंदा उन्हाळी कांद्याला पाण्याच्या शेवटच्या दोन पाळ्या मिळाल्या नाहीत. ऐन फुगवणीच्या वेळी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि दीड एकरातून निघाली ती निम्मी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. कमी पावसाचं वर्ष होतं हे खरं, पण नुसतं पावसावर ढकलून मला चैन पडेना. नोव्हेंबरात पीक ठरवताना आम्ही विहिरीकडे बघून ठरवलं होतं, आणि नोव्हेंबरात विहीर नेहमीच भरलेली दिसते.

म्हणून या वर्षी तक्ता करायचा ठरवलं. आमचं वावर पारनेर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. एकूण 160 गुंठे, तीन तुकड्यांत: विहिरीचं वावर 60 गुंठे, मधलं वावर 60 गुंठे, आणि वरचा मुरमाड माळ 40 गुंठे. पाणी एकाच विहिरीचं.

मोबाईलवर स्प्रेडशीट उघडून चार रकाने केले: पेरणीचा महिना, पाण्याची गरज, अपेक्षित उत्पादन, काढणीचा काळ. पहिला मसुदा गेल्या वर्षीसारखाच भरला. विहिरीच्या वावरात सोयाबीन आणि मागून कांदा, मधल्या वावरात मूग आणि मागून गहू, माळावर बाजरी. पाण्याच्या रकान्यात पुस्तकातले हंगामाचे आकडे टाकले: कांद्याला 500 मिलिमीटर, गव्हाला 450.

9 मे

मिलिमीटरचं लिटर करता आलं नाही तर तक्त्याचा उपयोग नाही, कारण विहीर लिटरमध्ये देते. हा हिशेब सोपा निघाला. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी उभं केलं की ते 101 लिटर भरतं. एवढा एक आकडा पाठ असला की पुढचं सगळं गुणाकाराने येतं.

आता विहीर किती देते? सकाळी आबा आणि मी 200 लिटरचा ड्रम पाइपच्या तोंडाशी ठेवला. पहिल्या वेळी पाणी उसळून बाहेर पडलं, म्हणून पाइप थोडा तिरका धरून पुन्हा मोजलं. तीनदा मोजल्यावर सरासरी 32 सेकंद आली. म्हणजे मोटर तासाला 22,500 लिटर पाणी काढते.

मग आबांना विचारलं, कोणत्या महिन्यात मोटर रोज किती तास चालते. त्यांनी ओट्यावर बसून बोटं मोजत सांगितलं: "नोव्हेंबरात पाच तास. डिसेंबरात साडेचार. जानेवारीत चार चालली तर देवाची कृपा. फेब्रुवारीत अडीच. मार्चमध्ये दीड तासात पाइपाच्या तळाचा फुटबॉल उघडा पडतो." हे आकडे यंदाच्या, म्हणजे कमी पावसाच्या वर्षातले आहेत. नियोजनाला तेच बरे.

खात्री म्हणून दुसऱ्या बाजूनेही मोजलं. विहिरीचा व्यास 20 फूट आहे, तेव्हा एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. सुताच्या दोरीला दर फुटाला गाठ मारली, खाली दगड बांधला. पाणी संपून मोटर तुटल्यावर दोरी सोडून ओली गाठ मोजली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजली. आता मे महिन्यात 24 तासांत दोन गाठींहून थोडं कमी पाणी चढतं, म्हणजे सतराएक हजार लिटर. मोटर पाऊण तास चालते, तोही हिशेब तेवढाच येतो. दोन्ही बाजूंनी आकडा जुळला तेव्हा आबा म्हणाले, "मग माझी बोटं खोटं बोलत नाहीत." दोरी आता मोटरच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवली आहे.

12 मे

आज चूक सापडली, आणि ती तक्त्याच्या मांडणीतच होती.

हंगामाची बेरीज करून बघितली. नोव्हेंबर ते मार्च विहीर मिळून सुमारे 119 लाख लिटर देते. दीड एकर कांदा आणि दीड एकर गहू यांची पुस्तकी गरज 58 लाख लिटरच्या आत बसते. म्हणजे कागदावर निम्मं पाणी शिल्लक! मग मार्चमध्ये कांदा वाळला कसा?

उत्तर असं की शिल्लक राहतं ते नोव्हेंबर-डिसेंबरचं पाणी. ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवता येत नाही. विहीर भरली की झऱ्यांचा जोर कमी होतो, आणि आमच्याकडे शेततळं नाही. त्यामुळे हंगामाची बेरीज आमच्यासाठी निरर्थक आहे. पाण्याचा एक रकाना चालणार नाही. दर महिन्याला एक रकाना हवा, आणि त्याच्या खाली त्या महिन्यात विहीर रोज किती देते तो आकडा हवा.

मग तसं केलं. प्रत्येक पिकापुढे त्या महिन्यातली रोजची गरज मिलिमीटरमध्ये लिहिली. हवामानाप्रमाणे रोज उडून जाणारं पाणी गुणिले पिकाच्या वाढीचा गुणांक, अशी ती काढतात. आमच्या भागात जानेवारीला पावणेचारच्या आसपास, फेब्रुवारीला पावणेपाच, मार्चला सहा मिलिमीटर असा अंदाज धरला आहे. शिवाय दिलेलं सगळं पाणी मुळाशी पोचत नाही. तुषारवर 75 टक्के पोचतं असं धरलं, साऱ्यांत मोकळं सोडलं तर 60 टक्के. सूत्र एवढंच:

```
=C5*101*F5/G5
```

`C5` म्हणजे गुंठे, `F5` म्हणजे त्या महिन्याची रोजची गरज मिलिमीटरमध्ये, `G5` म्हणजे मुळाशी पोचणारा वाटा (0.75 किंवा 0.6). उत्तर येतं रोजच्या लिटरमध्ये.

आता खरं चित्र दिसलं. जानेवारीत कांदा 29,000 आणि गहू 44,000 मागतो. मिळून 73,000, आणि विहीर देते 90,000. त्यामुळे जानेवारीभर आम्ही निर्धास्त होतो. फेब्रुवारीत कांदा 40,000 वर जातो, गहू दाणे भरण्यात 48,000 मागतो, आणि विहीर उतरून 56,000 वर येते. रोज 32,000 लिटरची तूट. त्या वेळी आम्ही गव्हाला आधी पाणी दिलं होतं, कारण तो आता निसवलाय, हातचा जाऊ नये म्हणून. तूट सगळी कांद्याने सोसली.

मार्चचा आकडा बघून मात्र मी थोडा वेळ गप्पच बसलो. गहू अजिबात नसता तरी 60 गुंठे कांद्याला मार्चमध्ये रोज 46,000 लिटर लागतात आणि विहीर देते 34,000. दीड एकर कांदा या विहिरीवर कमी पावसाच्या वर्षी निघूच शकत नव्हता. लागवडीच्या दिवशीच ते ठरलेलं होतं.

19 मे

आठवडाभर घरात यावरच बोलणं चाललं आहे. दादाचं म्हणणं, बोअर घेऊ. आबांनी नकार दिला. आमच्या शिवारात गेल्या काही वर्षांत घेतलेल्या बोअरांपैकी किती फेब्रुवारीत चालू असतात ते त्यांनी घरं मोजून सांगितलं. मला हिवरे बाजारचं उदाहरण आठवलं. गाव आमच्यापासून लांब नाही. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गाव दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं, शेतीसाठी बोअर घेत नाही. त्यांचा हिशेब अख्ख्या गावाचा आहे, आपला एका विहिरीचा. पद्धत तीच.

मग पीक बदलण्याऐवजी पिकाचा पाणी मागण्याचा महिना बदलता येतो का, हे बघायला लागलो. इथे हरभरा कामाला आला. ऑक्टोबरच्या अखेरीस पेरला तर भारी जमिनीत त्याला दोन पाळ्या पुरतात: एक 30-35 दिवसांनी, फुलोरा लागताना, आणि दुसरी 60-65 दिवसांनी, घाटे भरताना. म्हणजे नोव्हेंबरची अखेर आणि डिसेंबरची अखेर. विहीर तेव्हाच भरलेली असते. फेब्रुवारीत हरभरा आमच्याकडे काहीच मागत नाही. मधल्या वावरातला गहू काढून तिथे हरभरा घेतला तर डिसेंबरचं वाया जाणारं पाणी कामी येतं.

आई म्हणाली, "गहू विकत आणायचा का मग? वर्षाला चार-साडेचार क्विंटल लागतो." म्हणून 15 गुंठे गहू घरापुरता विहिरीजवळ ठेवला. आणि कांदा 60 वरून 40 गुंठ्यांवर आणला. हे सगळ्यांत जड गेलं, कारण रोख पैसा कांद्याचा. पण 40 गुंठ्यांना मार्चमध्ये 30,700 लिटर लागतात आणि 33,750 मिळतात. गव्हासकट फेब्रुवारीचा आकडा 39,000 येतो, 56,000 च्या पुष्कळ आत. दादा आकडे बघून म्हणाला, "एका एकरात सगळा मोठा कांदा निघाला तर दीड एकरातल्या गोल्टीपेक्षा पट्टी जास्तच येईल." निदान आता आम्ही तिघं एकाच कागदाकडे बघून बोलतोय.

26 मे

राहिलेले रकाने. पेरणीच्या रकान्यात नुसता महिना लिहून भागत नाही, कारण जून म्हणजे 7 जूनही आणि 30 जूनही. खरिपाला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, ही अट लिहिली. सोबत शेवटची तारीख लिहिली, जिच्यानंतर ते पीक सोडून दुसरं घ्यायचं. सोयाबीनला 15 जुलै. मुगाला मी आमच्यापुरती 5 जुलै धरली आहे, नाहीतर मागच्या हरभऱ्याची तयारी लांबते.

काढणीचा काळ मोजताना आणखी एक चूक हाती लागली. कांद्याची लागवड 1 डिसेंबरला धरली होती, पण रोप कुठून येणार? पुनर्लागवडीला सात-आठ आठवड्यांचं रोप लागतं. म्हणजे बी 10 ऑक्टोबरच्या आसपास टाकायला हवं. एक एकराला चार-पाच गुंठे गादीवाफे लागतात, आणि त्या दिवशी विहिरीच्या वावरात सोयाबीन काढणीला उभं असणार. रोपवाटिका तक्त्यात नव्हतीच. मूग ऑगस्टअखेर निघतो, तेव्हा मधल्या वावरातले 5 गुंठे रोपांना दिले आणि हरभरा 55 वर आणला.

उत्पादनाच्या रकान्यात एक आकडा लिहायचा नाही असं ठरवलं. खालचा आकडा आमच्या वाईट वर्षाचा, वरचा बऱ्या वर्षाचा. उधारी आणि खर्च खालच्या आकड्यावर ठरवायचा.

| पीक आणि गुंठे | पेरणी किंवा लागवड | विहिरीचं पाणी कधी | अपेक्षित उत्पादन | काढणीचा काळ |
|---|---|---|---|---|
| सोयाबीन 60 | 15 जून ते 15 जुलै | फक्त खंड पडला तर | 10 ते 13 क्विंटल | 25 सप्टेंबर ते 20 ऑक्टोबर |
| मूग 60 | 15 जून ते 5 जुलै | नाही | 4 ते 6 क्विंटल | 20 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर |
| बाजरी 40 (माळ) | 15 जून ते 20 जुलै | नाही | 6 ते 8 क्विंटल | सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात |
| कांदा रोप 5 | 8 ते 15 ऑक्टोबर | ऑक्टोबर, नोव्हेंबर | एका एकराचं रोप | 1 डिसेंबरच्या सुमारास |
| हरभरा 55 | 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर | नोव्हेंबरअखेर, डिसेंबरअखेर | 7 ते 10 क्विंटल | फेब्रुवारी |
| गहू 15 | 1 ते 15 नोव्हेंबर | नोव्हेंबर ते फेब्रुवारी | 5 ते 6 क्विंटल | मार्चचा पहिला पंधरवडा |
| कांदा 40 | 1 ते 10 डिसेंबर | डिसेंबर ते 10 मार्च | 90 ते 120 क्विंटल | 20 मार्च ते 5 एप्रिल |

विहिरीच्या वावरातले उरलेले 5 गुंठे मेथी-कोथिंबिरीला, तेही जानेवारीपर्यंतच. तक्ता छापून ओसरीवर चिकटवला.

26 जून

मूग 22 ला, सोयाबीन 24 ला पेरलं. वाफसा चांगला होता. बाजरी परवा.

6 सप्टेंबर

मुगाने रकान्याचा खालचा आकडाही गाठला नाही. शेंगा काळ्या पडल्या आणि तोडणीच्या दिवसातच पाऊस लागून राहिला. ओल्या शेंगेतच दाणे मोड काढायला लागले. मुठीत घेऊन शेंग दाबली की आत पांढरा कोंब दिसायचा. पहिली तोडणी वाळवून ठेवली होती तेवढी चांगली निघाली. एकूण साडेतीन क्विंटल. मुगाचा काढणीचा काळ तक्त्यात 20 दिवसांचा लिहिला आहे तो दोन तोडण्या धरून. पण पिकलेली शेंग झाडावर आठवडाभरसुद्धा थांबत नाही. त्या रकान्यात "थांबेल का" असं एक उत्तर जोडलं: मूग नाही, सोयाबीन आठ दिवस (पुढे शेंगा तडकतात), गहू दहा-बारा दिवस.

15 ऑक्टोबर

सोयाबीन 4 तारखेला कापलं. दादा म्हणत होता अजून चार दिवस थांबू, मजूर स्वस्त मिळतील. तक्त्यातलं "आठ दिवस" दाखवलं आणि थांबलो नाही. मळणी होऊन पोती आत आली आणि नंतर परतीचा पाऊस आला. साडेअकरा क्विंटल.

कांद्याचं बी 10 ला टाकलं, पण 12 च्या पावसाने दोन गादीवाफ्यांवरचं बी वाहून गेलं. ते आज पुन्हा टाकलं. म्हणजे रोपाचा एक भाग पाच दिवस मागे राहणार.

9 डिसेंबर

कांद्याची लागवड आज संपली. पहिले 28 गुंठे 2 तारखेपर्यंत झाले, बाकीचे मागच्या रोपाचे. शेवटच्या 12 गुंठ्यांचं पाणी 10 मार्चऐवजी 17-18 मार्चपर्यंत लागेल. सूत्रात तारीख बदलून बघितली: त्या आठ दिवसांत 12 गुंठ्यांना रोज नऊ-सव्वानऊ हजार लिटर. झेपेल.

हरभऱ्याची पहिली पाळी 27 ते 30 नोव्हेंबरला झाली.

8 फेब्रुवारी 2025

या तारखेची मी मे महिन्यापासून वाट बघत होतो. काल मोटर तुटल्यावर दोरी सोडली, आज त्याच वेळी पुन्हा सोडली. आठ गाठी जास्त ओल्या. म्हणजे 24 तासांत सुमारे 71,000 लिटर, सव्वातीन तासांची मोटर. यंदा पाऊस बरा झाला, त्यामुळे तक्त्यातल्या 56,000 पेक्षा जास्त आहे. गरज 39,000.

दादाचा आग्रह होता की जास्तीचं पाणी आहे तर रिकाम्या 5 गुंठ्यांत उन्हाळी भुईमूग करू. भुईमुगाला मे अखेरपर्यंत पाणी लागतं, आणि आज दिसतं ते पाणी एप्रिलमध्ये नसतं. एप्रिलचा रकाना उघडून दाखवला. तिथे 17,000 आहे आणि त्यातून जनावरं आणि घरही भागवायचं आहे. भुईमूग केला नाही.

हरभरा पिवळा पडलाय, पुढच्या आठवड्यात काढू.

1 एप्रिल

कांद्याचं पाणी पहिल्या 28 गुंठ्यांचं 9 मार्चला तोडलं, मागच्या 12 चं 17 ला. निम्म्या माना पडल्यावर काढणी धरली. 24 मार्चला पहिला भाग, मग शेवटचा. पातीसकट चार दिवस शेतातच ओळीने झाकून ठेवला, मग इंचभर मान ठेवून पात कापली. आता सावलीत ढीग आहे, दहा-बारा दिवसांनी चाळीत भरू.

वजन 108 क्विंटल. गोल्टी वेगळी काढली ती नऊ क्विंटल. हरभरा आठ क्विंटल, गहू साडेपाच.

मागच्या 12 गुंठ्यांत डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, जास्त निघाले. उशिरा लागवड, पुन्हा टाकलेलं रोप, की जानेवारीची थंडी, यांतलं नेमकं कारण एका वर्षावरून सांगता येणार नाही. नोंद ठेवली.

27 मे 2025

वीस दिवसांपासून अवकाळी पाऊस पडतो आहे, आणि आता तर मान्सूनच मे महिन्यात आला. परवा कोकणात दाखल झाला आणि काल मुंबईत. शेजारच्या शिवारांत उशिरा लावलेला कांदा शेतातच भिजला. ज्यांनी काढून शेतात पोळी घालून ठेवला होता त्यांचाही गेला. आमचा 14 एप्रिलपासून चाळीत आहे. काल आबांनी चाळीच्या तीन कप्प्यांत हात घालून मधला कांदा बाहेर काढला, दाबून बघितला, वास घेतला. एका कोपऱ्यात पत्र्यातून पाणी झिरपलं होतं, तिथला दीडेक क्विंटल आज निवडून बाहेर काढला.

नव्या वर्षाच्या तक्त्यात तीन बदल केले. मुगाखालचे 20 गुंठे कमी करून तिथे तूर. तुरीनंतर हरभरा येणार नाही, म्हणून त्या 20 गुंठ्यांचं डिसेंबरचं पाणी मोकळं राहतं, ते कशाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. कांद्याचं रोप आता दोन हप्त्यांत मुद्दाम टाकायचं, 8 आणि 13 ऑक्टोबरला, आणि गादीवाफ्यांवर आच्छादन घालायचं. आणि विहिरीच्या रकान्यात आता दोन ओळी आहेत, कमी पावसाच्या वर्षाची आणि बऱ्या वर्षाची. कांद्याचे गुंठे वरच्याच ओळीवर ठरतील.

पेरणीची घाई करायची नाही असं आबांनी सांगितलं आहे. हा पाऊस मे महिन्याचा, मध्ये खंड पडू शकतो. माळावर नांगरट झाली आहे. दोरीची तिसरी गाठ झिजली होती, ती आज नवीन मारली.